‘मोर्रा’च्या आधी पाटी कोरी: ‘ला त्राव्हियाता’मधल्या एका युगुलगीताची मराठी सरटायटलं

इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात व्हिओलेत्ता आणि आल्फ्रेदोचा बाप जेर्मों यांचं एक लांबलचक युगुलगीत आहे. सगळं मिळून वीसेक मिनिटांचं. पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात नुसत्या पियानोच्या साथीनं ते सादर होणार होतं, आणि त्याची मराठी सरटायटलं, म्हणजे गाणं चालू असताना वर पडद्यावर दिसणारं भाषांतर, करण्याचं काम माझ्याकडे आलं. तालमीत आम्ही त्यांना ‘पाट्या’च म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. सगळ्या पाट्या नव्वदच्या आसपास झाल्या. त्या सगळ्यांबद्दल लिहीत नाही. खरा कस लागला तो दोन-तीन जागी, आणि त्या जागा एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या.

आधी प्रसंग. व्हिओलेत्ता पॅरिसमधली गणिका. आल्फ्रेदोवर जीव जडल्यावर सगळं सोडून त्याच्याबरोबर गावाकडच्या घरात राहते आहे. तिला क्षय आहे. आल्फ्रेदो घरात नसताना त्याचा बाप येतो आणि मुलाला सोडून द्या म्हणतो, कारण या संबंधामुळे त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला आलंय. व्हिओलेत्ता आधी भांडते, मग खचते, शेवटी कबूल होते. ऑपेरा पहिल्यांदा व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात ६ मार्च १८५३ रोजी झाला. शब्द फ्रांचेस्को मारिया पियावेचे.

पियावेची इटालियन वाचायला बसलं की पहिल्या पानावरच ठेच लागते. आजचा इटालियन माणूस बोलताना वापरणार नाही असे शब्द ओळीओळीला. ‘परत येणं’ याला साधा शब्द ‘तोर्नारे’, तर इथे ‘रिएदेरे’. ‘दिली’ म्हणायला ‘दिए’. ‘आहे’ म्हणायला ‘आव्वी’, ‘होईल’ म्हणायला ‘फीया’, ‘मी मागतो’ म्हणायला ‘किएग्गो’. वाक्यांची मोडणीही लॅटिन वळणाची, कर्म आधी आणि क्रियापद कुठे तरी लांब. जेर्मों म्हणतो, ‘उन दी, क्वांदो ले व्हेनेरी इल तेंपो आव्रा फुगाते’. व्हेनेरी हा शब्द व्हीनस देवीच्या नावावरून आलेला, अर्थ ‘रूप, मोहिनी’. पण ज्याला इटालियन वारांची नावं पाठ आहेत त्याला आधी शुक्रवार आठवतो, कारण शुक्रवार म्हणजे ‘व्हेनेर्दी’. त्यात ‘फुगाते’ हे ‘पळून जाणं’ नव्हे, ‘पळवून लावणं’ आहे. म्हणजे कर्ता काळ: एक दिवस काळ तुमचं रूप घेऊन जाईल. हा अर्थ लागेपर्यंत मी त्या ओळीवर बराच वेळ बसून होतो.

अर्थ लागला तरी प्रश्न उरतो: हे मराठीत कुठल्या भाषेत म्हणायचं? मोह समोरच होता. आमचे बहुतेक प्रेक्षक नाट्यसंगीत ऐकत वाढलेले. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८०चं, म्हणजे पियावेपासून फार लांब नाही. पदांची ती संस्कृतप्रचुर भाषा आपल्याकडे तयारच आहे. मी पहिला खर्डा त्याच भाषेत केला. ‘देवदूतासम निर्मल तनया’ वगैरे. वाचताना छान वाटत होतं.

तो खर्डा मी टाकला, आणि टाकण्याचं कारण छंदात सापडलं. जेर्मोंचं पहिलं गाणं ‘पूरा सिक्कोमे उन आंजेलो’ बारा ओळींचं आहे. त्यातल्या सगळ्या विषम ओळी अशा शब्दावर संपतात ज्याचा आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो: आंजेलो, रिएदेरे, जोव्हाने, व्हिंकोलो, त्रीबोली, रेझीस्तेरे. तोंडानं म्हणून बघा, पहिल्या ठोक्यानंतर दोन अक्षरं पायरीवरून उतरल्यासारखी घरंगळतात. व्हेर्दीची चाल त्या घरंगळण्यावरच बेतलेली आहे. ‘तोर्नारे’चा आघात मधल्या ‘ना’वर, त्यामुळे तो तिथे बसतच नाही. ‘रिएदेरे’ बसतो. काट्यांना साधा शब्द ‘स्पीने’, तोही बसत नाही, ‘त्रीबोली’ बसतो. म्हणजे हे जुने शब्द जेर्मों फार विद्वान किंवा दिखाऊ आहे म्हणून त्याच्या तोंडी आलेले नाहीत. त्या काळच्या प्रत्येक लिब्रेटोत, म्हणजे ऑपेराच्या संहितेत, हेच चलन होतं आणि ऐकणाऱ्यालाही ते तसंच सवयीचं होतं. जेर्मों बोलतोय ते एका काळजीत पडलेल्या, जरा ताठ, मध्यमवर्गीय बापासारखं. पाटीवर त्याला सनातनी पंडित केला तर पात्रच बदलतं.

शिवाय संस्कृतप्रचुर शब्द वाचायला वेळ लागतो, आणि वेळ हीच इथली टंचाई. पाटी एकावेळी दोन ओळींची. रोमन लिपीत एका ओळीला साधारण पस्तीस-चाळीस चिन्हं धरतात, पण तो हिशोब देवनागरीला लागू पडत नाही, कारण काना-मात्रा संगणकाच्या मोजणीत येतात आणि डोळ्याला मात्र एकच अक्षर दिसतं. आम्ही अक्षरं मोजली आणि शेवटच्या रांगेत बसून बघत बघत ओळीला बावीस अक्षरं ही हद्द ठरवली. वर वेलांटी आणि खाली उकार येतो म्हणून दोन ओळींत जागाही जास्त सोडावी लागली. काळ्या पडद्यावर मळकट पांढरी अक्षरं, कारण भगभगीत पांढऱ्यात गायिकेचा चेहरा विझतो.

तर त्या बारा ओळींच्या शेवटी पाच पाट्या झाल्या:

देवानं मला एक मुलगी दिली,
देवदूतासारखी निर्मळ.

आल्फ्रेदो घरी परतला नाही, तर…

तिचा जीव ज्याच्यावर आहे, तो मुलगा
लग्नाला उभा राहणार नाही.

प्रेमाच्या फुलांचे काटे करू नका.

माझं मागणं धुडकावू नका.

चौथ्या पाटीवर थोडं थांबतो. मूळ ओळ आहे ‘प्रेमाच्या गुलाबांचे त्रीबोली करू नका’. त्रीबोलो म्हणजे एक जमिनीलगत पसरणारी काटेरी वनस्पती, आणि गंमत अशी की ती आपल्याकडे माळावर सगळीकडे आहे: सराटा, गोखरू. अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक. म्हणून मी आधी ‘गुलाबांचे सराटे’ लिहिलं आणि खूश झालो. पण तालमीला बसलेली मंडळी तिथे अडकली. शहरातल्या तरुणांना शब्द माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता ती मंडळी शब्दाचंच कौतुक करत बसली. दोन्हीकडे जेर्मोंचं पुढचं वाक्य हुकलं. पुस्तकात वाचक मागे वळून वाचू शकतो, पाटीपुढे बसलेल्याला ती सोय नाही. ‘गुलाबांचे काटे’ करावं तर गुलाबाला काटे असतातच, मग बदललं काय? म्हणून गुलाबाची फुलं केली आणि सराट्याचे काटे. सराटा अजून मनात सलतो, पण निर्णय बरोबर होता.

आता दुसरी जागा, जिच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं. व्हिओलेत्ता कबूल होते तो क्षण: ‘दीते आल्ला जोव्हिने’. संथ सहा-आठचा ताल, साथ जवळजवळ नाहीच, आवाज दाबलेला. चार लांब ओळी, आणि प्रत्येक ओळ मधे तुटलेली. अर्थ असा: त्या सुंदर, निर्मळ मुलीला सांगा, की दुर्दैवाचा बळी झालेली एक आहे, तिच्याजवळ सुखाचा एकच किरण उरलाय, तो ती तिच्यासाठी अर्पण करते आहे, आणि ती मरणार आहे. शेवटचा शब्द ‘मोर्रा’, मरेल.

पहिली अडचण सर्वनामांची. ‘तो ती तिच्यासाठी सोडते आहे.’ यात किरण कुठला, बाई कुठली आणि मुलगी कुठली? इटालियनमध्ये ‘आ लेई’ एकदाच येतं आणि बाकीचं क्रियापदात जिरतं, म्हणून तिथे गोंधळ होत नाही. मराठीत दोन ‘ती’ एकमेकींच्या पायात येतात. बराच वेळ मी नामं घालून बघत होतो, ‘आपल्या मुलीसाठी’, ‘तुमच्या लेकीसाठी’. ओळ लांबत होती आणि हिशोबाच्या वहीसारखी होत होती. सुटका मराठीच्याच सवयीनं केली. आपण निरोप सांगतो तेव्हा सरळ निरोपच बोलून दाखवतो: ‘तिला सांग, तुझी वाट बघतेय म्हणून.’ तसं व्हिओलेत्तानं मुलीशीच बोलावं. जेर्मोंला ती ‘तुम्ही’ म्हणते, तेव्हा पाटीवर ‘तू’ आलं की ते मुलीलाच आहे हे कुणालाही कळतं.

पहिल्या खर्ड्यात शेवटची पाटी अशी होती:

तोही ती तुझ्यासाठी सोडतेय,
आणि मरून जाईल.

दोन ओळी, दोन्ही आखूड, हद्दीच्या आत. कागदावर काहीच चूक नाही. तालमीला मी मागच्या खुर्चीत होतो आणि पाटी पडताच पुढच्या दोन रांगांतून ‘अरेरे’ असा हलका सूर आला. गायिका तेव्हा कुठे ‘सोडतेय’पाशी होती. ‘मोर्रा’ यायला अजून कितीतरी सेकंद होते. ती तिथे आली, आवाज अगदी तुटेपर्यंत बारीक केला, आणि खाली लोक आधीच रुमालाकडे वळले होते. तिच्या मरणाची बातमी मी तिच्या आधी फोडली होती.

हा दोष खर्डा वाचून कधीच सापडत नाही. मजकूर बरोबर, लांबी बरोबर, आणि तरी पाटी चुकीची. तो सापडतो तो फक्त प्रेक्षकांच्या माना बघून. माना वर आणि मग खाली गायिकेकडे, अशी ये-जा पाटीगणिक व्हायला हवी. प्रेक्षक गायिकेच्या आधी हलले तर पाटीनं काहीतरी आगाऊ सांगितलंय. म्हणून पाटी फोडली:

सांगा त्या सुंदर, निर्मळ मुलीला,

एक दुर्दैवी बाई आहे,

तिच्याजवळ सुखाचा एकच किरण उरलाय.

तोही ती तुझ्यासाठी सोडतेय…

आणि मरून जाईल.

चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये एक कोरी पाटी. इथे मराठीचं वाक्य कामाला आलं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि पियावेनंही ‘मोर्रा’ शेवटीच ठेवलंय. इंग्रजीत असं वाक्य करताना कर्ता-क्रियापद आधी येऊन बसतं आणि गौप्य टिकवायला कसरत करावी लागते. आपल्याला नुसतं थांबायचं होतं.

पण थांबायचं किती? पाट्यांना ठरलेली वेळ देता येत नाही. सिनेमाची उपशीर्षकं सेकंदाच्या हिशोबानं बसवतात, कारण सिनेमा रोज तेवढ्याच लांबीचा असतो. गायिका रोज वेगळी गाते. म्हणून कुणीतरी पियानोच्या प्रतीवर बोट ठेवून, गाण्याबरोबर श्वास घेत, एकेक पाटी हातानं सोडायची असते. १९८३ साली टोरांटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीनं ‘इलेक्ट्रा’ला पहिल्यांदा सरटायटलं दाखवली, तेव्हापासून यंत्रं पुष्कळ सुधारली, पण हे बोट काही सुटलेलं नाही. आमच्याकडे यंत्र म्हणजे साधा लॅपटॉप आणि प्रत्येक पाटीची एक स्लाइड. प्रतीत प्रत्येक पाटीचा आकडा लाल पेन्सिलीनं ज्या सुरावर सोडायची त्याच्या डोक्यावर, आणि कोऱ्या पाटीला एक गोल.

साधारण नियम असा की पाटी गायिकेच्या श्वासावर सोडायची. ती छाती भरते, आपण बटण दाबतो, आणि ती पहिला स्वर लावेपर्यंत प्रेक्षकाचा डोळा ओळीवरून फिरून खाली आलेला असतो. ‘मोर्रा’ला मी हा नियम मोडला. तिथे श्वासावर सोडली तरी लवकर होते. त्या पाटीच्या आकड्यावर प्रतीत लिहिलं: ‘श्वास नाही, अक्षर’. म्हणजे ‘मोर्’ उच्चारलं जाईल तेव्हाच. तीन शब्दांची पाटी आहे, वाचायला क्षणही लागत नाही, म्हणून उशीर परवडतो. लांब पाटीला हे कधी करू नये, कारण मग प्रेक्षक वाचत राहतात आणि सूर निघून जातो. पुढे ती तेच शब्द पुन्हा पुन्हा गाते. तिथे पाटी पुन्हा दाखवली नाही; पडदा कोरा ठेवला. एकदा कळलेलं वाक्य पुन्हा लिहून दाखवलं की लोक पुन्हा वर बघतात, आणि त्या वेळी बघण्यासारखं सगळं खाली असतं.

आणि आता जेर्मोंचं उत्तर. इतका वेळ तो तिला ‘व्होई’ म्हणतोय, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. दारात आल्यापासून, ‘पूरा सिक्कोमे’त, रूप जाईल म्हणून घाबरवतानाही ‘व्होई’च. तिचं ‘मोर्रा’ ऐकतो आणि म्हणतो: ‘प्यांजी, प्यांजी, ओ मीझेरा’. रड. ‘प्यांजी’ हे ‘तू’चं आज्ञार्थी रूप आहे. पुढे ‘ती किएग्गो’, तुझ्याकडे मागतो; ‘ले तूए पेने’, तुझं दुःख. तो सरळ ‘तू’वर आलाय. इटालियनमध्येही हा शब्द ‘तू’ असाच उच्चारतात.

तालमीतल्या पियानोवादकांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, ऑपेरात भावनेच्या भरात गाताना ‘तू’ येणं ही रूढी आहे, त्याला इतका अर्थ लावू नका. मराठीत मात्र एका परक्या बाईला एकदम ‘तू’ म्हटलं तर उद्धट वाटेल. हरकत बिनबुडाची नव्हती. रूढी आहे हे खरं. पण याच जेर्मोंनं आधीची दोन्ही गाणी ‘व्होई’त गायलीत, तीही भावनेच्या भरातच. रूढीच असती तर तिथेही ‘तू’ आलं असतं. आणि हे गाणं संपताच तो परत ‘व्होई’वर जातो आणि युगुलगीत संपेपर्यंत तिथेच राहतो. तेवढ्या एका कडव्यापुरता बाप तिच्याशी बाप म्हणून बोलतो. इंग्रजी पाट्यांना हे दाखवताच येत नाही, कारण तिथे दोघांनाही एकच शब्द. आपल्याकडे दोन वेगळे शब्द असताना ते झाकून ठेवणं मला पटेना.

उद्धटपणाची भीती मात्र खरी होती, म्हणून पहिल्या पाटीत नुसतं ‘तू’ न ठेवता नातं ठेवलं:

रड, पोरी. रडून घे.

केवढा त्याग मागतोय मी तुझ्याकडे,
दिसतंय मला.

तुझं दुःख मला आत जाणवतंय.

धीर धर.
तुझं थोर मन जिंकेल.

‘पोरी’ मुळात नाही. मुळात ‘ओ मीझेरा’, ‘अगं दुर्दैवी’ असं आहे. हे एक पाऊल मी पुढे टाकलं. ते टाकायचं धाडस झालं ते त्याच्या पुढच्या संवादामुळे, त्यावर येतोच. आणि आधीच्या सुटकेचा असा फायदा झाला की पाटीवर पहिलं ‘तू’ जेर्मोंच्या लेकीसाठी आलं होतं, आणि लगेच दुसरं ‘तू’ व्हिओलेत्तासाठी आलं. हे मी योजलं नव्हतं.

पुढे दोघं एकत्र गातात, ती तिच्या ओळी, तो त्याच्या. तिथे एकही पाटी नाही. दोन्ही मजकूर नुकतेच वाचून झालेत आणि दोन आवाजांना एका पाटीत कोंबलं तर कोण काय म्हणतंय ते कळत नाही.

मग गाणं थांबतं आणि चारपाच वाक्यं भराभर उडतात. इथे उलट अडचण: प्रत्येक वाक्याला वेगळी पाटी केली तर पडदा लुकलुकतो आणि डोळा दमतो. दोन बोलणारे एका पाटीत घातले, पुढे रेघ देऊन:

– प्रेम नाही, असं सांगा त्याला.
– त्याला पटणार नाही.

– निघून जा.
– तो मागे येईल.

उत्तर प्रश्नाबरोबरच दिसतं, पण इथे राखण्यासारखं गुपित काही नाही, आणि दोन वाक्यांमध्ये वेळही नाही. एक बारकावा मात्र सांभाळावा लागला. ‘तू’ जाऊन ‘तुम्ही’ परत आलंय हे दिसायला हवं, आणि मराठीत ‘जा’ दोघांनाही चालतं, ‘तू जा’ आणि ‘तुम्ही जा’. ‘निघून जा’ आधी आलं असतं तर बाप अजून ‘तू’च म्हणतोय असं वाटलं असतं. सुदैवानं मुळातच ‘सांगा’ आधी येतं, त्यामुळे एका ‘गा’नं अंतर परत पडलं. व्हिओलेत्ताचं शेवटचं मागणं त्याच अंतरावरून येतं. ती आता कुणी परकी बाई म्हणून मागत नाही: ‘क्वाल फील्या म्’आब्राच्चाते’. मुलगी म्हणून मला मिठी मारा. क्रियापद ‘व्होई’चं, नातं मात्र लेकीचं. ‘पोरी’ लिहिण्याचं बळ मला या ओळीनं दिलं होतं. त्यानं कडव्यात जे दिलं आणि मग मागे घेतलं, तेच ती पुन्हा मागते आहे.

मुलगी समजून जवळ घ्या मला,
म्हणजे बळ येईल.

प्रयोगाच्या दिवशी गायिकेनं ‘मोर्रा’च्या आधी तालमीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला. कोरा पडदा, पियानोही थांबलेला, आणि माझं बोट बटणावर. श्वासाची खूण धरून बसलो असतो तर पाटी तिथेच सुटली असती, कारण तिनं मधे एक श्वास घेतला आणि तरी गायली नाही. ‘मोर्’ आलं तेव्हा पाटी सोडली. सभागृहातून आवाज आला नाही. पाट्यांकडे बघणाऱ्या माना त्या वेळी खाली होत्या, आणि ‘रड, पोरी’ला त्या पुन्हा वर आल्या.